गिम्बल असूनही चालताना फ्रेम उसळते? आधी दूरची भिंत हलते का ते पाहा

लक्षण असं असतं. कॅमेरा तीन आसांच्या गिम्बलवर आहे, मोटर चालू आहेत आणि उभं राहून घेतलेला शॉट छान स्थिर येतो. चालायला लागलं की मात्र फ्रेम पावलागणिक वरखाली होते. एडिटिंगला बसल्यावर स्टॅबिलायझेशन लावून ती उसळी कशीबशी दाबली जाते, पुढच्या शूटला पुन्हा तेच. गिम्बल बदलून पाहिला, मोटरची ताकद वाढवून पाहिली, तरी फरक पडत नाही.

या एका तक्रारीत खरं तर दोन वेगळे हादरे एकमेकांत मिसळलेले असतात. एक गिम्बलच्या बॅलन्समधून येतो, दुसरा तुमच्या पायांतून. दोन्ही पावलाच्या तालावरच येतात, म्हणून सारखेच वाटतात. ते वेगळे ओळखता आले की दुरुस्ती सरळ होते.

कोणता हादरा कुठून येतो

तीन आसांचा गिम्बल फक्त कॅमेऱ्याचं फिरणं थांबवतो: वर-खाली झुकणं म्हणजे टिल्ट, डावी-उजवीकडे कलणं म्हणजे रोल, आणि आडवं वळणं म्हणजे पॅन. आख्खा कॅमेरा चार सेंटीमीटर वर गेला आणि चार सेंटीमीटर खाली आला, तर त्यावर गिम्बलकडे काहीच उपाय नाही, कारण तसं सरकण्यासाठी त्यात सांधाच नाही. स्टेडिकॅममध्ये हे काम अंगावर बांधलेल्या जाकिटाला जोडलेला स्प्रिंगचा हात करतो. हातातल्या गिम्बलला तो हात नसतो, म्हणून ते काम तुमच्या गुडघ्यांकडे आणि कोपरांकडे येतं.

आता पडद्यावर काय दिसतं ते पाहू. फुल फ्रेम कॅमेरा, २४ मिमी लेन्स आणि १९२० पिक्सेल रुंदीचा व्हिडिओ धरा. कॅमेरा ४ सेंटीमीटर वरखाली झाला, तर एक मीटरवरची खुर्ची पडद्यावर साधारण ५१ पिक्सेल हलते आणि दहा मीटरवरची भिंत फक्त ५ पिक्सेल. याउलट कॅमेरा जागच्या जागी अर्धा अंश झुकला, तर खुर्ची आणि भिंत दोन्ही सारख्याच, सुमारे ११ पिक्सेल हलतात. सरकण्याचा परिणाम अंतर वाढलं की कमी होतो, फिरण्याचा होत नाही.

ओळखण्याची खूण यातूनच मिळते. क्लिप लावा आणि जवळच्या वस्तूंवर हात धरून फक्त दूरची भिंत, दूरचं झाड किंवा क्षितिज पाहा. तेही पावलाबरोबर ठळकपणे उसळत असेल, तर कॅमेरा झुकतो आहे, म्हणजे बॅलन्स पाहायला हवा. दूरचं जवळपास स्थिर आणि फक्त जवळच्या वस्तू नाचत असतील, तर चाल सुधारायला हवी. दोन्ही होत असेल तर आधी बॅलन्स दुरुस्त करा, कारण कॅमेरा मान डोलावत असताना चालीचा अंदाज घेता येत नाही.

पावलाच्या तालाशी ज्याचा काही संबंध नाही अशी बारीक, वेगवान थरथर हा तिसरा प्रकार. ती उभं असतानाही दिसते आणि बहुधा गिम्बलमधून गुणगुणण्यासारखा आवाज येतो. मोटरची ताकद कॅमेऱ्याच्या वजनाच्या मानाने जास्त झाली आहे किंवा कॅमेऱ्याखालची प्लेट सैल आहे, असं समजावं. क्षितिज पावलाशिवायच हळूहळू एका बाजूला कलत असेल, तर गिम्बल सपाट, स्थिर जागेवर ठेवून त्याचा सेन्सर कॅलिब्रेट करावा लागतो.

हे एडिटिंगमध्ये का सुटत नाही

फ्रेम थोडी कापली जाते, तेवढंच नुकसान असतं असा समज आहे. कापणं सोसता येतं. खरी अडचण वरच्या आकड्यांत आहे. खुर्ची ५१ पिक्सेल हलली आणि भिंत ५. सॉफ्टवेअरने खुर्ची स्थिर करायला सगळी फ्रेम ५१ पिक्सेल उलट सरकवली, तर भिंत ४६ पिक्सेल उसळायला लागते. दोन्ही स्थिर करायच्या तर चित्राचे वेगवेगळे भाग वेगवेगळे ताणावे लागतात, आणि मग भिंती लिबलिबीत दिसू लागतात. शिवाय शटर १/५० सेकंदावर असताना कॅमेरा वर किंवा खाली जाण्याच्या मधल्या क्षणी जवळच्या वस्तू धूसर होतात आणि उसळीच्या वरच्या-खालच्या टोकाला स्पष्ट होतात. खुर्ची पडद्यावर जागच्या जागी आणली तरी ती क्षणात धूसर, क्षणात स्पष्ट होत राहते. तो धूसरपणा चित्रीकरणातच नोंदलेला असतो, तो नंतर काढता येत नाही.

बॅलन्स: मोटर बंद ठेवूनच

बरेच जण कॅमेरा प्लेटवर चढवतात, पुढे-मागे सरकवतात, तो आडवा टिकला की मोटर चालू करतात. मोटर चालू झाल्या की सगळं स्थिर दिसतं आणि काम झालं असं वाटतं. पण मोटर बॅलन्समधली चूक झाकत असतात. उभं असताना त्यांना ते जमतं. चालताना प्रत्येक पावलाला नवा धक्का येतो आणि मोटर त्याच्या किंचित मागे पडतात.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य नेमका आसावर असेल, तर वरखालीच्या धक्क्याने कॅमेरा नुसता वर-खाली जातो, वळत नाही. गुरुत्वमध्य आसाच्या थोडा पुढे असेल, तर तोच धक्का लेन्सला खाली झुकवतो. म्हणजे बॅलन्समधली चूक सरकण्याचं रूपांतर फिरण्यात करते, आणि मग दूरची भिंतही हलू लागते. आस कोणता, यावरून लक्षण बदलतं. गुरुत्वमध्य पुढे-मागे चुकला असेल तर फ्रेम मान डोलावते. डावी-उजवीकडे चुकला असेल तर प्रत्येक पावलाला क्षितिज कलतं. पॅनच्या आसापासून दूर असेल तर शरीर एका पायावरून दुसऱ्या पायावर झुकताना फ्रेम आडवी हेलकावते, दर दोन पावलांना एक फेरी.

सुरुवात करण्याआधी कॅमेरा शूटसाठी लागेल तसाच पूर्ण तयार करा: बॅटरी, कार्ड, फिल्टर, माइक, केबल, सगळं जागेवर. लेन्सचं झाकण काढलेलं, गळ्यातला पट्टा सोडलेला, उघडणारा स्क्रीन असेल तर शूटला जसा ठेवणार तसाच. झूम लेन्स असेल तर ज्या फोकल लेंग्थवर शूट करणार तिच्यावरच बॅलन्स करा. झूम करताना नळी बाहेर येते आणि वजन पुढे सरकतं. पातळ केबलही कडक वळण घेऊन ताणलेली असेल तर कॅमेरा ओढत राहते, तिला सैल वळसा द्या.

मग टिल्टपासून सुरुवात. इतर आस लॉक ठेवून टिल्टचं लॉक काढा आणि लेन्स समोर ठेवून कॅमेरा पुढे-मागे सरकवा, सोडल्यावर तो जिथल्या तिथे राहिला पाहिजे. इथेच थांबू नका. आता लेन्स सरळ छताकडे करा आणि सोडा. ती पुढे पडली किंवा मागे गेली, तर कॅमेऱ्याची उंची चुकली आहे, प्लेट वर किंवा खाली घ्यायला हवी. ही दुसरी चाचणी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. ती राहिली की कॅमेरा आडवा असताना बॅलन्स झाल्यासारखा दिसतो, पण गुरुत्वमध्य आसाच्या वर किंवा खाली असतो. चालताना आपला पुढे जाण्याचा वेगही पावलागणिक कमी-जास्त होतो आणि त्या बारीक धक्क्यांनी लेन्स डोलते. शेवटी ४५ अंशांवर सोडून पाहा. तिथेही कॅमेरा थांबला, तर टिल्ट जमला.

रोलसाठी लॉक काढून कॅमेरा डावीकडे-उजवीकडे सरकवा, तो कोणत्याही कोनात सोडला तरी थांबायला हवा. पॅनसाठी गिम्बलची मूठ बाजूला झुकवून जवळपास आडवी धरा. पॅनचा हात एका बाजूला झुलत खाली आला तर तो पुढे किंवा मागे सरकवा. पॅन तपासताना मूठ उभी ठेवली तर चूक दिसतच नाही, कारण आस उभा असताना गुरुत्वाकर्षण त्याला फिरवत नाही.

सगळे स्क्रू घट्ट केल्यावर कॅमेरा हाताने हलवून पाहा. प्लेटवर तो किंचितही वळत असेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. मग मोटर चालू करून ऑटो ट्यून चालवा, म्हणजे ताकद वजनानुसार ठरेल. त्यानंतरही गुणगुण राहिली तर ज्या आसात ती आहे त्याची ताकद थोडी थोडी कमी करत जा. हादरा गेला नाही म्हणून ताकद वाढवणं हा उलटा उपाय आहे, त्याने बॅलन्समधली चूक झाकली जाते आणि वर थरथर येते.

फॉलो मोडबद्दल एवढंच: सरळ चालत जायच्या शॉटला फक्त पॅन फॉलो ठेवा, टिल्ट लॉक असू द्या. टिल्टही फॉलोवर असेल तर मनगटाची हालचाल मोटर इमानदारीने कॅमेऱ्यापर्यंत पोहोचवतात. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन चाचणीपुरतं बंद करा, नाहीतर कोण काय दुरुस्त करतंय ते कळत नाही. रुंद लेन्सवर ते चालू ठेवल्यास कधीकधी फ्रेमचे कोपरे डळमळतात, तेही याच वेळी तपासून घ्या.

चाल: पाऊल लहान, गुडघा सैल

चालताना शरीर एका पायावर उभं असतं तेव्हा सगळ्यात उंच असतं, आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले असतात तेव्हा सगळ्यात खाली. नेहमीच्या चालीत हा फरक साधारण ४ ते ५ सेंटीमीटर असतो आणि तो सेकंदाला सुमारे दोनदा घडतो. फ्रेममधली उसळी हीच.

ती कमी करायचा सगळ्यात परिणामकारक उपाय म्हणजे पाऊल लहान करणं, आणि तो किती परिणामकारक आहे हे हिशोबाने दिसतं. पाय काठीसारखा ताठ आहे असं धरा, लांबी ९० सेंटीमीटर. ७० सेंटीमीटरचं पाऊल टाकलं तर कंबर सुमारे ७ सेंटीमीटर खाली जाते. पाऊल निम्मं, म्हणजे ३५ सेंटीमीटर केलं तर ती जेमतेम पावणेदोन सेंटीमीटर खाली जाते. पाऊल निम्मं, उसळी साधारण चौथा हिस्सा. प्रत्यक्षात गुडघा आणि घोटा वाकत असल्याने दोन्ही आकडे याहून कमी येतात, पण प्रमाण साधारण तसंच राहतं. म्हणून ‘हळू चाला’ हा सल्ला अपुरा आहे. हळू पण लांब पावलं टाकली तर उसळी तेवढीच राहते, फक्त संथ होते.

दुसरा उपाय गुडघ्यांचा. चाल सुरू करण्याआधीच गुडघे थोडे वाकवून कंबर काही सेंटीमीटर खाली आणा आणि शॉट संपेपर्यंत ती उंची सोडू नका. पाय वाकलेला असला की त्याला लांब-आखूड व्हायला जागा मिळते: शरीर पायावरून पुढे जाताना गुडघा आणखी वाकतो, पाय मागे राहताना किंचित सरळ होतो, आणि कंबर एका रेषेत जाते. चूक बहुतेकदा अशी होते की पहिली दोन पावलं वाकून पडतात आणि मग नकळत पाय ताठ होतो. मांड्यांना ताण जाणवत नसेल तर गुडघे सरळ झाले आहेत, असं खुशाल समजा.

पाय टेकवताना टाच हलकेच टेकवून तळवा पुढे लोळवत न्या. टाच आपटली की जो तीक्ष्ण धक्का येतो, तो वरखालीच्या हेलकाव्यापेक्षा जास्त डोळ्यात भरतो. मागे चालताना हेच उलट, आधी चवडा, मग टाच. पावलं जवळजवळ एका रेषेवर टाका, त्याने आडवा हेलकावा कमी होतो. अगदी दोरीवर चालल्यासारखी मात्र नकोत, नाहीतर तोल सांभाळताना नवाच डगमगाट येतो.

हातांकडे शेवटी येतो, कारण त्यांचा वाटा पायांपेक्षा कमी आहे. मूठ दोन्ही हातांनी धरा. कोपर वाकलेले, बरगड्यांच्या जवळ पण त्यांना चिकटलेले नाहीत. चिकटवले तर धडाचा प्रत्येक धक्का थेट कॅमेऱ्यात जातो, पूर्ण लांब केले तर वजनाने हात थरथरतात.

एक क्लिप, पायरीपायरीने

एका मित्राची क्लिप उदाहरण म्हणून घेतो. लांब कॉरिडॉर, पुढे चालणारा माणूस, डावीकडे खुर्च्यांची ओळ, टोकाला सुमारे पंधरा मीटरवर दार. २४-७० झूम, शूट ५० मिमीवर. त्याने बॅलन्स २४ वर केला होता.

फ्रेमवर आडवी मार्गदर्शक रेषा ठेवून क्लिप एकेक फ्रेम पुढे नेली, तर दाराची वरची कड प्रत्येक पावलाला अंदाजे २५ पिक्सेल वरखाली होत होती. ५० मिमीवर ४ सेंटीमीटरच्या उसळीने पंधरा मीटरवरचं दार ७ पिक्सेलच हलायला हवं. उरलेले १८ पिक्सेल म्हणजे सुमारे ०.४ अंशांचं झुकणं, म्हणजे बॅलन्स. ५० वर नळी बाहेर काढून टिल्ट पुन्हा जमवला, लेन्स छताकडे करून उंचीही थोडी बदलावी लागली. पुढच्या टेकमध्ये दार जवळपास स्थिर झालं.

खुर्च्या मात्र तशाच नाचत होत्या. त्या दीड मीटरवर होत्या, तिथे ५० मिमीवर ४ सेंटीमीटरची उसळी ७० पिक्सेलच्या आसपास जाते. वाकलेले गुडघे आणि निम्मी पावलं यांनी उसळी दीड सेंटीमीटरवर आली आणि खुर्च्यांची हालचाल २७ पिक्सेलच्या आसपास. तीही त्याला खटकत होती, म्हणून लेन्स २४ वर आणून, बॅलन्स पुन्हा करून, तो माणसाच्या जवळून चालला. आता हालचाल १३ पिक्सेलपर्यंत उतरली. या टेकला स्टॅबिलायझेशन लावायची गरज उरली नाही.

आपली उसळी मोजण्याची सोपी रीत

भिंतीवर एखादी आडवी रेषा शोधा, फरशीची सांध किंवा खिडकीची कड चालेल. तिच्यापासून एक मीटर अंतर राखून, कॅमेरा भिंतीकडे तोंड करून, भिंतीला समांतर चाला. २४ मिमी आणि १९२० रुंदीच्या व्हिडिओत रेषेचं १३ पिक्सेल हलणं म्हणजे जवळपास १ सेंटीमीटर उसळी. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या जागेतला फरक मोजा. आधी नेहमीसारखं चाला, मग पाऊल लहान करून, मग गुडघे वाकवून. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे तुमच्या चालीत सगळ्यात जास्त फरक कशाने पडतो ते समजेल. रेषा लाटेसारखी जात असेल तर पावलांची लांबी पाहा, ठरावीक अंतराने टोकदार झटके असतील तर टाच आपटते आहे.

जिथे हे पुरत नाही

जिना चढता-उतरताना प्रत्येक पायरीची उंची शरीराला घ्यावीच लागते, गुडघे ती थोडी पसरवू शकतात, पुसू शकत नाहीत. धावताना दोन्ही पाय काही क्षण हवेत असतात, तिथे ही चाल लागूच पडत नाही. अशा शॉटला स्प्रिंगचा हात किंवा गिम्बलखाली बसणारा वरखालीचा चौथा आस लागतो. तो हाताशी नसेल तर रुंद लेन्स घ्या आणि जवळच्या वस्तू फ्रेमबाहेर ठेवा, म्हणजे उसळी असली तरी ती दाखवणारं काही समोर नसेल. संवाद नसलेल्या शॉटला ५० फ्रेमवर शूट करून २५ वर चालवता येतं. उसळीची उंची तीच राहते, पण सेकंदाला दोनऐवजी एकदा आल्यामुळे डोळ्याला ती बरीच मऊ लागते.

वाकलेल्या गुडघ्यांची चाल दमवते, आणि दमलेले पाय आधी ताठ होतात. लांब टेक घ्यायचा असेल तर तालीम नेहमीच्या चालीने करा, मार्ग आणि वळणं ठरवून घ्या आणि वाकणं रेकॉर्डिंगपुरतं राखून ठेवा.